चित्र हरवले तरी चूक सापडते



आता बऱ्याच शाळांत निकालपत्रक संगणकावर, एक्सेलच्या तक्त्यात करतात. तिथे अडले, की माणूस पडद्याचे चित्र काढून जाणत्याकडे पाठवतो. समजा, एका गुरुजींनी असाच प्रश्न पाठवला आहे: "एकूण गुणांची बेरीज सगळ्या मुलांची बरोबर येते, फक्त सातव्या ओळीत #VALUE! असे येते. सोबतचे चित्र पाहावे." पण चित्रात मुलांची नावे दिसत होती, म्हणून ते मागाहून काढून टाकले गेले. ते योग्यच झाले. परंतु उद्या निकाल द्यावयाचा आहे. मग उत्तर कसे द्यावे?

पत्रातले शब्द पुन्हा वाचा. त्यांतच पुष्कळ काही आहे. बाकीच्या ओळी बरोबर आहेत, म्हणजे सूत्राची घडण बहुधा ठीक आहे. आता चुकीचे नाव पाहा. उल्लेखलेली चौकटच पुसली गेली असती, तर #REF! आले असते. सूत्राचे नाव चुकले असते, तर #NAME? आले असते. #VALUE! याचा साध्या भाषेत अर्थ असा, की जिथे आकडा हवा तिथे ज्याचा आकडा होत नाही असे काहीतरी बसले आहे.

आता गुरुजींकडून एकच गोष्ट मागवावयाची. एकूण गुणांच्या चौकटीवर टिचकी मारली, की वरच्या पट्टीत सूत्र दिसते. ते हाताने उतरवू नये; तसेच्या तसे उचलून संदेशात चिकटवावे. ते असे आले:

```
=B7+C7+D7
```

तिन्ही चौकटी सातव्याच ओळीतल्या, म्हणजे सूत्र निर्दोष. B7 मध्ये ४१ आणि D7 मध्ये ३८ आहेत, असे गुरुजी सांगतात. आणि C7? "ती रिकामी आहे. मूल त्या पेपरला गैरहजर होते."

इथेच थोडे थांबा. खरोखर रिकामी चौकट अधिक चिन्हाला शून्यासारखी वाटते, तिच्यामुळे #VALUE! येत नाही. तेव्हा चौकट दिसते रिकामी, पण रिकामी नाही. चित्र हाती असते, तरी त्यात कोरी जागाच दिसली असती बरे! खात्री करावयाची, तर बाजूच्या मोकळ्या चौकटीत हे लिहा:

```
=LEN(C7)
```

हे सूत्र चौकटीतली अक्षरे मोजते. उत्तर ० यावयास हवे होते, आले १. म्हणजे आत एक अक्षर आहे, आणि ते दिसत नाही. बहुधा कोणीतरी आधीचा आकडा पुसताना डिलीटऐवजी स्पेसची कळ दाबली. ती मोकळी जागा संगणकाच्या लेखी मजकूरच. C7 वर जाऊन डिलीट दाबा. एकूण ७९ येतील.

यावर कोणी म्हणेल, अधिक चिन्हे काढून SUM लिहिले की झाले! #VALUE! जाईल हे खरे, कारण चौकटींची बेरीज करताना SUM मजकुराला वगळून पुढे जाते. पण धोका तिथेच आहे. समजा C7 मध्ये ४२ गुण आहेत, पण ती चौकट आधी 'टेक्स्ट' म्हणून ठरवली होती. डोळ्यांना ४२ दिसतात. अधिक चिन्हाने बेरीज १२१ येते, SUM ने ७९ येते, आणि तक्रारीचे अक्षरही उमटत नाही. मुलाचे ४२ गुण गेले, आणि कोणाला पत्ता नाही! त्यापेक्षा ओरडणारे #VALUE! परवडले. असा मजकूर-आकडा चौकटीत बहुधा डावीकडे सरकलेला दिसतो. चौकटीची जात 'नंबर' करून आकडा पुन्हा लिहिला, की तो सुधारतो.

म्हणून सातवी ओळ सुधारली, तरी तक्ता मिटू नका. चाळीस मुले आणि तीन विषय असतील, तर एका बाजूला एवढे लिहा:

```
=COUNTA(B2:D41)-COUNT(B2:D41)
```

पहिला भाग भरलेल्या चौकटी मोजतो, दुसरा फक्त आकड्यांच्या. उत्तर ० आले, तर त्या चौकटींत मजकूर लपलेला नाही. २ आले, तर आणखी दोन चौकटी शोधावयाच्या आहेत.

राहता राहिला गैरहजर मुलाचा प्रश्न. चौकट रिकामी ठेवली, तर AVERAGE तिला मोजत नाही. ७९ ला दोनाने भागून ३९.५ काढते. तिथे ० लिहिले, तर तिनाने भागून २६.३३ येतात. यांतले कोणते धरावयाचे, ते संगणकाला विचारू नका. शाळेचा नियम काय आहे ते मुख्याध्यापकांना विचारून मगच ती चौकट भरा.