भाग: 6 ची पिन 6 ची नसते

मी कोडवाला माणूस, पण सर्किट बोर्ड टेस्ट करायला घरीच ॲल्युमिनियमचं फिक्स्चर बनवत होतो. खालच्या प्लेटमध्ये दोन डॉवेल पिना ठोकलेल्या, वरची प्लेट त्यांवर अलगद बसणार, असा बेत. दोन्ही प्लेटना 6 H7 रीमर फिरवला. वरची प्लेट अशी अडकली की स्क्रूड्रायव्हरने उचकटावी लागली. कडा गेल्या, प्लेट भंगारात.

गोची अशी, की m6 पिन असते 6.004 ते 6.012 मिमी आणि H7 भोक 6.000 ते 6.012. दोघांचा पट्टा जवळपास एकच! म्हणजे पिन कधी घट्ट, कधी बोटाने सरकणारी. यावर प्रेस फिटही सोडू नये आणि स्लिप फिट तर नाहीच.

दुसऱ्यांदा आधी पिन मायक्रोमीटरने मोजली: 6.008. खालच्या प्लेटला 5.99 चा रीमर घेतला, म्हणजे पिन 18 मायक्रॉन मोठी. रीमर भोक किंचित मोठं पाडतो, तरी पकड पुरते. वरच्या प्लेटला 6.02 चा, म्हणजे 12 मायक्रॉन मोकळीक.

पण दोन भोकांमधलं अंतर त्याहून जास्त चुकलं तर प्लेट पुन्हा अडकते. म्हणून दोन्ही प्लेट एकत्र क्लॅम्प करून 5.8 चं ड्रिल आरपार मारलं, मग वेगळ्या करून रीमर फिरवले. रीमर ड्रिलच्याच भोकामागे जातो ना. आधी भंगारातल्या तुकड्यावर एक भोक पाडून पाहिलं, पिन हाताने आत गेली नाही, तेव्हाच खरी प्लेट हातात घेतली.