फुटबॉलपटूचा वेग : पहिली पावले, वळण आणि मधली विश्रांती



मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या पालकांना जो सराव सर्वांत जोमदार वाटतो, तो वेगाच्या दृष्टीने बहुधा सर्वांत निरुपयोगी असतो. मुले या टोकाकडून त्या टोकाकडे धावतात, श्वास बसण्यापूर्वीच शिट्टी वाजते, ती परत धावतात आणि घामाने निथळत घरी जातात. यातून दम वाढतो, यात शंका नाही. वेग मात्र वाढत नाही. फुटबॉलमध्ये चेंडूपाशी आधी कोण पोहोचणार, हे पुष्कळदा दहा-वीस मीटरांच्या धावेवरच ठरते.

एवढ्या अंतरात महत्त्वाचा असतो तो प्रवेग, म्हणजे उभ्या स्थितीतून वेग घेण्याची क्रिया. पहिल्या चार-पाच पावलांत जमीन मागे रेटावयाची असते. त्यासाठी घोट्यापासून डोक्यापर्यंत शरीर एका रेषेत पुढे कललेले हवे. मुले कलण्याऐवजी कमरेत वाकतात, तेथेच निम्मा जोर वाया जातो. दुसरी चूक लांब ढांगेची. पाऊल शरीराच्या पुष्कळ पुढे पडले, की ते पुढे नेण्याऐवजी लगाम ओढते. टाच आपटल्याचा आवाज ऐकू आला, तर ही चूक होत आहे असे समजावे.

वळणाची खरी कसोटी वेग मोडण्यात असते, आणि ते काम वळणाच्या आधीच्या पावलापासूनच सुरू झाले पाहिजे. त्या पावलावर गुडघे व कंबर वाकवून शरीर खाली आणले, तर शेवटच्या पावलाला नवी दिशा घेणे सुकर होते. सारा भार शेवटच्याच पावलावर आला, तर गुडघा आत कोसळतो. गुडघ्यातील महत्त्वाचा लिगामेंट फाटण्याचा धोका अशाच क्षणी असतो आणि किशोरवयीन मुलींमध्ये तो मुलांपेक्षा अधिक आढळतो. म्हणून आधी पाच मीटर धावून नीट थांबणे शिकवावे. मग अर्ध्या काटकोनातले वळण, त्यानंतर काटकोनातले, आणि पूर्ण उलटे फिरणे सर्वांत शेवटी. हे साधले, की समोर प्रतिस्पर्धी उभा करावा, कारण सामन्यात वळण्याची दिशा शंकू सांगत नाहीत. जमिनीवर अंथरलेल्या दोरीच्या शिडीतून टपटप पावले टाकणे दिसायला मोहक असते. पण त्यात वेग मोडावाच लागत नाही, त्यामुळे वळणाची तयारी त्यातून फारशी होत नाही.

आता विश्रांतीकडे वळू. संपूर्ण जोराच्या धावेसाठी स्नायूंत फॉस्फोक्रिएटिन नावाचे तयार इंधन असते. ते काही सेकंदच पुरते. त्यातले साधारण निम्मे अर्ध्या मिनिटात भरून येते. उरलेले भरण्यास मात्र काही मिनिटे लागतात. यावरून प्रशिक्षकांनी एक सोयीचा नियम बसविला आहे : दहा मीटर धावेमागे सुमारे एक मिनिट विश्रांती.

समजा, चौदा वर्षांचा एक मुलगा वीस मीटरच्या सहा धावा करणार आहे. पहिल्या धावेस ३.४ सेकंद लागले. त्याला वीस सेकंदांतच पुन्हा धाववले, तर चौथ्या धावेपर्यंत वेळ ३.७ सेकंदांपर्यंत जाऊ शकते, शरीर लवकर उभे होते आणि टाचा वाजू लागतात. उरलेल्या दोन धावांत तो संथ धावण्याचाच सराव करतो. त्याच मुलाला प्रत्येक धावेनंतर दोन मिनिटे रमतगमत चालू दिले, तर सहाही धावा ३.४ ते ३.५ सेकंदांच्या आसपास राहण्याची शक्यता बरीच वाढते. सारा खटाटोप मधल्या विश्रांतीसह पाव तासाच्या आत आटोपतो. हातातल्या घड्याळात एक-दोन दशांश सेकंदांची चूक सहज होते; म्हणून एका आकड्यावर विसंबू नये. सलग दोन धावा स्पष्टपणे मंदावल्या किंवा धावण्याची ढब बिघडली, की ठरलेल्या सहा पूर्ण होण्याची वाट न पाहता त्या दिवशीचा वेगाचा सराव थांबवावा. हा सराव अंग तापवल्यानंतर लगेच, ताज्या पायांनी व्हावा, आणि आठवड्यातून दोनदा पुरे.

एक बाब घरच्यांनीच पाहावयाची. मुलींची उंची बाराव्या वर्षाच्या आसपास आणि मुलांची चौदाव्याच्या आसपास झपाट्याने वाढते. त्या काळात हातपाय लांबतात, तोल बिघडतो आणि कालपर्यंत चपळ असलेले मूल अडखळू लागते. त्याला आळशी ठरवण्यापूर्वी दर तीन महिन्यांनी भिंतीवर उंचीची खूण करून पाहावी. वाढ जोरात असेल, तर तीव्र वळणे व उड्या कमी कराव्यात आणि थांबण्याचा सराव सौम्य गतीने चालू ठेवावा. वाटीखाली, नडगीच्या वरच्या टोकाशी दुखरा उंचवटा आला आणि जिना चढताना तेथे कळ येऊ लागली, तर धावणे थांबवून मुलाला डॉक्टरांकडे न्यावे.