चोवीस तारखेचे पैसे, पाच तारखेचा किराणा

मागच्या महिन्यात आमच्या बचत गटाच्या बैठकीत चिखली तालुक्यातल्या एका काकूंनी दोन हजारांचे कर्ज मागितले. आम्ही चकित झालो. काकूंचे वय ६४, यजमानांच्या निवृत्तीचे पाच लाख हाताशी, त्यातले तीन लाख पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत. मग गटाचे महिना दोन टक्क्यांचे कर्ज कशाला?

आम्ही त्यांचे पासबुक घेऊन बसलो. तीन लाखांवर वर्षाला ७.४ टक्के, म्हणजे महिन्याला १८५० रुपये व्याज येत होते. पण खाते उघडले होते २४ तारखेला. या योजनेत ज्या तारखेला खाते उघडले, त्याच तारखेला दर महिन्याला व्याज मिळते. काकूंचा किराणा पाच तारखेला १५०० रुपये, बीपी-शुगरच्या गोळ्या आठ तारखेला ९०० रुपये. चोवीसला आलेले पैसे घरातल्या बारीकसारीक गोष्टींत पाच तारखेपर्यंत विरून जात.

खाते मोडून नवे काढावे, असे काकूंना वाटले. आम्ही थांबवले. एक वर्षाच्या आत ते मोडताच येत नाही, आणि तीन वर्षांच्या आत मोडले तर मुद्दलातून दोन टक्के कापतात. तीन लाखांवर ते सहा हजार होतात. तारीख बदलण्यासाठी सहा हजार देण्यापेक्षा दुकानदाराशी बोलणे सोपे होते. काकूंचे उधारीचे खाते जुनेच. त्यांनी दुकानदाराला २५ तारखेला हिशेब करायला सांगितले. तो कबूल झाला. व्याज २४ ला येते आणि २५ ला किराण्याचे पैसे चुकते होतात. उरलेल्या साडेतीनशेत लाईट बिल बसते.

राहिल्या गोळ्या. काकूंचे दोन लाख अजून बँकेत नुसतेच पडून होते. त्यातले दीड लाख आम्ही ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाकायला सांगितले. साठीच्या पुढच्या माणसाला तिथे सध्या ८.२ टक्के मिळतात. पण हे व्याज महिन्याला येत नाही; एप्रिल, जुलै, ऑक्टोबर आणि जानेवारीच्या पहिल्या कामाच्या दिवशी येते. दीड लाखांचे तीन महिन्यांचे ३०७५ रुपये, म्हणजे महिन्याला १०२५. गोळ्यांपुरते झाले. पहिले व्याज मात्र, पैसे भरले त्या दिवसापासून तिमाही संपेपर्यंतच्या दिवसांचेच असते, म्हणून कमी दिसते. कोणी कापून घेतले असे समजू नका. तेवढ्या दिवसांच्या गोळ्या राखून ठेवलेल्या ५० हजारांतून आणायच्या.

तुम्ही म्हणाल, ८.२ टक्के जास्त आहेत, तर सगळे तिकडेच का नाही? हिशेब करून पाहू. काकूंचे साडेचार लाख सगळे तिकडे असते, तर महिन्याला सरासरी ३०७५ पडले असते. आता २८७५ पडतात. दोनशेचा फरक आहे आणि तो लहान नाही. ज्या बाईला तीन महिन्यांचा खर्च बचत खात्यात वेगळा राखता येतो, तिने सगळे ज्येष्ठ नागरिक योजनेत टाकावे, असेच आमचे मत आहे. पण काकूंनी स्वतःच सांगितले, "नऊ हजार एकदम आले की घरात नऊ मागण्या उभ्या राहतात बाई." त्यांना दर महिन्याची रक्कमच बरी.

ज्यांना आता नवे मासिक खाते काढायचे आहे, त्यांनी आधी महिन्याची देणी तारखेनिशी कागदावर लिहावी. मोठे देणे पाच तारखेला असेल, तर खाते दोन-तीन तारखेला उघडावे. चेक दिला तर तो वटेल ती तारीख खात्याला लागते, आणि दोनची सहा होऊन बसते. म्हणून पैसे आधी पोस्टाच्या बचत खात्यात जमा करून घ्या आणि ठरलेल्या दिवशी जाऊन तिथून वळते करा. रक्कम मोठी असेल तर एक लाख तीन तारखेचे आणि एक लाख पंधरा तारखेचे, अशी दोन खातीही चालतात. एका लाखाला महिन्याला ६१७ रुपये.

अर्ज भरतानाच व्याज बचत खात्यात आपोआप जमा करायला सांगा. योजनेच्या खात्यात तसेच राहिलेल्या व्याजावर पुढे व्याज मिळत नाही. दर सरकार तिमाहीला ठरवते, म्हणून जाल त्या दिवशीचा दर विचारून घ्या. खाते उघडल्यावर तो पाच वर्षे तोच राहतो.

पाच वर्षे पुरी होतील ती तारीख कॅलेंडरच्या मागे आजच लिहून ठेवा. त्या तारखेनंतर पैसे तसेच ठेवले, तर मासिक योजनेत फक्त बचत खात्याचा दर मिळतो, आणि तो सध्या चार टक्के आहे.