अनारशांची ऑर्डर कधीपर्यंत?

दिवाळी तोंडावर आली की मंडईतल्या छोट्या मिठाईवाल्यांचे शुभेच्छा-संदेश फोनवर येऊ लागतात. पणत्यांचं चित्र ठसठशीत असतं. ऑर्डर कधीपर्यंत द्यायची, नेमकं तेच राहून जातं.

खरी अडचण अनारशांची. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, पाणी रोज बदलायचं. मग सावलीत सुकवून कुटायचे, गूळ मिसळून पीठ आणखी चार-पाच दिवस मुरवायचं. पीठ मुरलं नाही तर जाळी पडत नाही. आयत्या वेळची ऑर्डर घ्यायची कशी?

म्हणून संदेश असा असावा: ‘दिवाळीच्या मनापासून शुभेच्छा! अनारशांची ऑर्डर वसुबारसेच्या दहा दिवस आधीपर्यंत, चकली-चिवड्याची दोन दिवस आधीपर्यंत. निम्मी रक्कम आगाऊ. डबे धनत्रयोदशीपासून दुकानात मिळतील. वजनात डबा धरलेला नाही.’

शेवटचं वाक्य मुद्दाम घातलंय. पुणेकर डबा हातात घेऊन आधी तेच विचारतो! वसुबारसेपुढे तारीखही टाका, किलोचा भाव लिहा. आणि डबे शक्यतो सकाळीच न्यायला सांगा. संध्याकाळी मंडईत पाय ठेवायला जागा नसते.