दोन कागद, दोन प्रश्न
(मंडळाच्या विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)

आम्ही स्वतः डिप्लोमा करून सरकारी नोकरीत शिरलो. परदेशी विद्यापीठाची पायरी आम्ही चढलेली नाही. तरी गेली काही वर्षे आम्ही तिघे-चौघे रविवारी सकाळी मंडळाच्या खोलीत बसतो आणि मुलांचे अर्ज वाचतो. खात्यात वीस वर्षे अर्जच वाचत आलो, तेवढीच आमची पात्रता.

आज बोलायचे आहे ते पर्सनल स्टेटमेंट आणि स्टेटमेंट ऑफ पर्पज, म्हणजे एसओपी, या दोन कागदांविषयी. आधी आमची चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी एका मुलाच्या अमेरिकेतल्या एम.एस.च्या अर्जात दोन्ही कागद वेगवेगळे मागितले होते. आम्ही त्याला सांगितले, "अरे, दोन्ही एकच. तोच मजकूर दोन्हीकडे चढव." त्याने चढवला. प्रवेश मिळाला नाही. नकाराचे कारण विद्यापीठ कळवत नाही, त्यामुळे तेच कारण होते असे आम्ही म्हणत नाही. पण वाचणाऱ्याने दोन प्रश्न विचारले आणि आम्ही एकाचेच उत्तर दोनदा दिले, ही रुखरुख राहिली. तेव्हापासून आम्ही दोन्ही कागदांच्या सूचना नीट वाचू लागलो.

फरक आमच्या खात्याच्या भाषेत सांगतो. एसओपी म्हणजे कामाचा प्रस्ताव. कोणते काम करायचे, त्याची तयारी किती झाली आहे, पुढचे काम याच ठिकाणी का आणि त्यातून काय निघणार, हे त्यात यायला हवे. पर्सनल स्टेटमेंटचा प्रश्न वेगळा आहे. हे काम मागणारा माणूस कोण, कुठल्या परिस्थितीतून आला, आणि त्या परिस्थितीने त्याला काय शिकवले? एसओपी विषयाचा प्राध्यापक वाचतो आणि या विद्यार्थ्याला आपल्या विभागात काम आहे का ते पाहतो. पर्सनल स्टेटमेंट वाचताना माणूस पाहिला जातो.

आता एक उदाहरण घेऊ. आपल्याच मंडळातली एक मुलगी, सिव्हिलची पदवी घेतलेली. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीला पूर आला, तो इथे कोणी विसरलेला नाही. तिच्या घराच्या तळमजल्यात पाणी होते. पुढे शेवटच्या वर्षाचा प्रकल्प तिने त्याच पुरावर केला आणि अमेरिकेत जलविज्ञानासाठी अर्ज करायचे ठरवले. एका विद्यापीठाने दोन्ही कागद मागितले. तिचा पहिला मसुदा आमच्याकडे आला, त्याची सुरुवात होती, "लहानपणापासून मला पाण्याची ओढ आहे." त्यानंतर पूर, आजीला खांद्यावरून माडीवर नेले तो प्रसंग, मग गुणपत्रक, मग त्या विद्यापीठाची स्तुती. सगळे एकाच कागदात कालवलेले.

आम्ही तिला कोऱ्या कागदावर मधोमध रेघ मारायला सांगितले. पूर दोन्ही बाजूंना येणार होता, पण दोन्हीकडे त्याचे काम वेगळे.

एसओपीच्या बाजूला पूर एका वाक्यात आटोपला. पुढे प्रकल्प आला. तिने आणि तिच्या जोडीदारांनी हेक-रास या संगणक प्रणालीत नदीचा नमुना तयार केला आणि त्यातून निघालेली पाण्याची पातळी घरांच्या भिंतींवर राहिलेल्या खुणांशी ताडून पाहिली. काही वस्त्यांत दीड-दोन फुटांचा फरक निघाला. तिचा अंदाज असा की, भुखी कांसेसारख्या नाल्यांतून उलटे चढणारे पाणी त्या नमुन्यात धरलेच नव्हते. ते कसे धरायचे, हे तिला पदवीच्या अभ्यासात शिकायला मिळाले नाही. हाच तिचा प्रश्न. त्यानंतर त्या विभागातले कोणते दोन प्राध्यापक शहरी पुरावर काम करतात, त्यांच्या कामाचा आपल्या अडलेल्या जागेशी काय संबंध, आणि शेवटी पदवीनंतर काय करायचे. चौथ्या सत्रात गुण घसरले होते, त्याचे कारण दोन वाक्यांत. आजी या कागदात कुठेच आली नाही.

पर्सनल स्टेटमेंटच्या बाजूला आजी आली, पण खांद्यावरची आजी नव्हे. पाणी चढत होते तेव्हा माडीच्या जिन्यावर बसून आजीने नातीकडून दर तासाला खडूने पायरीवर रेघ मारून घेतली. पुढे प्रकल्पासाठी ही मुलगी पोळापोळांतून फिरली आणि "पाणी कुठवर आले होते?" असे घरोघरी मराठीत नाहीतर गुजरातीत विचारत गेली. नकाशात नसलेली माहिती लोकांच्या भिंतींवर असते आणि ती मिळवायला दाराशी थांबून बोलावे लागते, हे तिला तिथे कळले. आपण वर्गात काय घेऊन येणार, हे तिने त्यातून दाखवले. विभागाचे आणि प्राध्यापकांचे नाव या कागदात नाही.

तपासायची रीतही सोपी आहे. एसओपीतले विद्यापीठाचे नाव पुसून दुसरे घाला. एवढ्यावर मजकूर जसाच्या तसा चालत असेल, तर प्रस्ताव अजून झालेला नाही. पर्सनल स्टेटमेंटखाली शेजारच्या मुलाने सही केली तर खपेल का, ते पाहा. खपत असेल, तर त्यात माणूस आलेला नाही.

आता कुठे काय मागतात ते पाहू. अमेरिकेत एम.एस. किंवा पीएच.डी.साठी बहुधा एसओपी लागतोच. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कलीसारख्या ठिकाणी त्याच्या जोडीला वैयक्तिक वाटचालीचा कागदही मागतात. बारावीनंतर अमेरिकेत जाणाऱ्यांसाठी कॉमन ॲप आहे. त्यात २५० ते ६५० शब्दांचा निबंध असतो आणि तो खरोखर वैयक्तिक असतो.

घोटाळा होतो तो ब्रिटनच्या बाबतीत. बारावीनंतर तिथे युकासमार्फत अर्ज जातो आणि त्यातल्या कागदाचे नाव पर्सनल स्टेटमेंट असे आहे. नाव वाचून मुले बालपणापासून सुरुवात करतात. पण २०२६ च्या प्रवेशापासून तिथे तीन प्रश्न ठरवून दिले आहेत. हा विषय का, शिक्षणाने त्याची तयारी कशी झाली, आणि शिक्षणाबाहेर काय केले व ते कसे उपयोगी? तिन्ही मिळून ४००० अक्षरे, मोकळ्या जागा धरून, आणि प्रत्येक उत्तर किमान ३५० अक्षरांचे. सगळा भर विषयावर. शिवाय हाच मजकूर जास्तीत जास्त पाच अभ्यासक्रमांकडे जातो, म्हणून त्यात एका विद्यापीठाचे नाव घेतले तर बाकीच्यांना ते खटकणार. ब्रिटनमध्ये मास्टर्सला जाताना मात्र अर्ज बहुधा थेट विद्यापीठाकडे असतो. तिथेही पुष्कळदा पर्सनल स्टेटमेंटच म्हणतात, पण हाच अभ्यासक्रम का, असे विचारतात. म्हणजे नाव पर्सनल आणि मागणी जवळजवळ एसओपीची.

म्हणून आमचे मुलांना सांगणे एवढेच, की शीर्षकावर जाऊ नका. त्याखालच्या सूचनेचे दोन-चार ओळींचे वाक्य वहीत उतरवून घ्या आणि त्यातल्या प्रत्येक प्रश्नाला आकडा द्या. मसुदा झाला की, कोणत्या आकड्याचे उत्तर कोणत्या परिच्छेदात आहे ते समासात लिहा. एखाद्या आकड्यासमोर जागा रिकामी राहिली, तर मसुदा अपुरा. एखाद्या परिच्छेदाला आकडाच मिळाला नाही, तर तो कितीही गोड असो, काढून टाका.

त्या मुलीने तसेच केले. आजीच्या खडूच्या रेघा अजून जिन्यावर आहेत, पुसायच्या नाहीत अशी आजीची ताकीद आहे. विद्यापीठाचे उत्तर आले तेव्हा मुलगी आधी मंडळाच्या खोलीत आली. प्रवेश मिळाला होता. आम्ही पेढे खाल्ले आणि त्या पहिल्या मुलाला फोन लावला. तो यंदा पुन्हा अर्ज करतो आहे. या वेळी त्याचे दोन्ही कागद वेगवेगळे आहेत.

गणपती बाप्पा मोरया!