आकडा म्हणजे पत्ता

फसवणाऱ्याला आपण ‘चारशेवीस’ म्हणतो ते भारतीय दंड संहितेच्या कलमावरून. १ जुलै २०२४ला भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि फसवणूक कलम ३१८ मध्ये गेली. तुम्ही आता कोणाला ‘तीनशेअठरा’ म्हणणार आहात का? जुने गुन्हे मात्र जुन्याच कलमांखाली चालतात, म्हणून वकिलांना दोन्ही आकडे जवळ बाळगावे लागतात.

राज्यघटनेने वेगळी वाट निवडली. १९९२च्या ७३व्या दुरुस्तीने पंचायती आल्या, तेव्हा पुढची कलमं सरकवली नाहीत. रिकामं पडलेलं २४३ घेतलं आणि त्यालाच ए, बी, सी जोडत नेलं. पुढे नगरपालिका, मग सहकारी संस्था, असं करत शेपूट २४३ झेडटीपर्यंत लांबलं. दिसायला ओबडधोबड, पण २४४ हे २४४च राहिलं. जुन्या निकालपत्रातला दाखला आजही जागेवर सापडतो.

मी पंपांची माहितीपुस्तकं लिहितो, आणि सरकलेल्या आकड्यांचा फटका मलाही बसलाय. एका पुस्तकात ४.५ हा भाग ‘वीज तोडणे’ असा होता आणि सातव्या प्रकरणात ‘सील बदलण्याआधी ४.५ पाहा’ असं मी हाताने टाइप केलं होतं. नंतर ४.२ पुढे एक नवा भाग घुसला. वीज तोडणं ४.६ वर गेलं आणि ४.५ वर ‘पंपात पाणी भरणे’ येऊन बसलं. गंमत अशी, की चूक दिसतच नाही, ४.५ आहे, मजकूरही आहे, फक्त भलताच. छपाईआधी एका फिटरने विचारलं, “साहेब, सील काढायच्या आधी पाणी कशाला भरायचं?”

तेव्हापासून मसुद्यात मी आकडा टाइप करत नाही. शीर्षकाला वर्डमधली आपोआप क्रमांक देणारी हेडिंग स्टाइल देतो, आणि दाखला ‘Cross-reference’ मधून घालतो. शेवटी Ctrl+A, मग F9, की आकडे नवे होतात. शीर्षकच कोणी उडवलं असेल तर तिथे ठळक अक्षरांत ‘Error! Reference source not found.’ उमटतं. ते बघून लोक घाबरतात, मला हायसं वाटतं. बोंब मारणारी चूक सापडते तरी.

दाखल्यात नुसता आकडाही नको. ‘४.६ वीज तोडणे, पान ३१’ असं लिहिलं, की आकडा हुकला तरी नावावरून वाचणारा सावध होतो. त्यासाठी शीर्षक बोलकं हवं. ‘सर्वसाधारण सूचना’ हे शीर्षक मी एकाच पुस्तकात पाच ठिकाणी पाहिलंय. अनुक्रमणिकेत त्यांतलं नेमकं कुठलं उघडायचं? आणि ४.६.२.१.३ इतकं खोल जाऊ नका. फोनवरून फिटरला तो आकडा सांगून बघा, तिसऱ्या टिंबाला तो “परत सांगा” म्हणतो.

पुस्तक छापून एकदा बाहेर पडलं, की मात्र आकडे हलू द्यायचे नाहीत. दुसऱ्या आवृत्तीत ४.३ वगळला, तर तिथे ‘४.३ – वगळला’ एवढी ओळ ठेवतो. पंपघराच्या भिंतीवर कोणीतरी खडूने ‘४.६ बघ’ लिहून ठेवलेलं असतं.