पेन्शनमधला मालकाचा वाटा आणि आपला कर



राष्ट्रीय पेन्शन योजनेत, म्हणजे एनपीएसमध्ये, नव्या करप्रणालीत तुम्ही स्वतःच्या खिशातून कितीही भरलेत तरी त्यावर करवजावट मिळत नाही. तीच रक्कम कंपनीने तुमच्या खात्यात भरली, तर मिळते. खातं एकच, फक्त पैसे कुणी भरले एवढाच फरक. पण पगारदारासाठी तो फार मोठा आहे.

कंपनीचा वाटा आधी तुमच्या पगारात धरला जातो आणि मग कलम ८० सीसीडी (२) खाली वजा होतो. मर्यादा ठरते ती मूळ वेतन अधिक महागाई भत्ता यांवर. घरभाडे किंवा विशेष भत्ता त्यात येत नाही. जुन्या प्रणालीत खासगी नोकरदाराला दहा टक्के, सरकारी नोकरदाराला चौदा. नव्या प्रणालीत २०२४-२५ पासून सगळ्यांनाच चौदा.

पुण्यातल्या एखाद्या खासगी कंपनीतले गृहस्थ घेऊ. मूळ वेतन दरमहा ऐंशी हजार, वर्षाचं नऊ लाख साठ हजार. कंपनीचा वाटा धरून एकूण पगार अठरा लाख. त्यांनी विशेष भत्ता कमी करून घेतला आणि त्याऐवजी चौदा टक्के, म्हणजे एक लाख चौतीस हजार चारशे रुपये, कंपनीमार्फत एनपीएसमध्ये वळवले. २०२५-२६ च्या दरांनी नव्या प्रणालीत त्यांचा कर सुमारे साडेसत्तावीस हजारांनी उतरतो. हातात येणारा पगार मात्र घटतो आणि ते पैसे प्रामुख्याने निवृत्तीसाठी अडकतात, हेही ध्यानात ठेवायला हवं.

खरी अडचण येते ती विवरणपत्र भरताना. घरकर्जाचं व्याज, घरभाडं, विमा असा हिशेब मांडून हे गृहस्थ जुलैमध्ये जुनी प्रणाली निवडतात. पगारदाराला ती मुभा आहे. पण तिथे त्यांची मर्यादा दहा टक्के, म्हणजे शहाण्णव हजार. उरलेले अडतीस हजार चारशे करपात्र होतात, आणि तीस टक्क्यांच्या टप्प्यात त्यावर उपकरासह जवळपास बारा हजार रुपये कर बसतो. पैसे मात्र खात्यात अडकलेलेच! म्हणून प्रणालींची तुलना करताना ही रक्कम दोन्हीकडे वेगळी मांडा.

मोठ्या पगाराच्या श्रोत्यांसाठी आणखी एक गोष्ट. भविष्यनिर्वाह निधी, एनपीएस आणि सुपरअ‍ॅन्युएशन यांतला कंपनीचा एकत्रित वाटा वर्षाला साडेसात लाखांवर गेला, तर वरची रक्कम दोन्ही प्रणालींत करपात्र ठरते.

फॉर्म १६ हाती आला की दोन जागा तपासा. कंपनीचा वाटा एकूण पगारात धरलाय का, आणि खाली वजावटीत दाखवलाय का. पगारात धरलेला नसताना वजावट मागितलीत, तर ती चूक तुमच्या नावावर लागते. धरलेला असून वजावट राहिली, तर नाहक जादा कर जातो.

ही सोय कंपनीने पगाराच्या रचनेत दिली तरच मिळते. तेव्हा नवं आर्थिक वर्ष सुरू होताच आपल्या मनुष्यबळ विभागाला लेखी विचारा.